आधी बीएल, मग विमा

बस निकेश. ती फाईल ठेव बाजूला, चहा येतोय. सही करायच्या आधी माझी एक गोष्ट ऐक. तुझ्याच कामाची हाय. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस, पण या एका बाबतीत मला कोणी गंडवू शकत नाय. कारण एकदा मीच गंडत होतो.

नोव्हेंबरातली गोष्ट. तळोज्याच्या कोल्ड स्टोरेजातून माझा बाकला माशाचा कंटेनर निघाला. सत्तावीस टन. करंजा बंदरातल्या होड्यांवरून रोख पैसे मोजून घेतलेला माल. परदेशातल्या गिर्‍हाईकाने एलसी उघडली होती. एलसी म्हणजे बँकेचा शब्द. आपले कागद एलसीत लिहिल्यासारखे असले की गिर्‍हाईकाची बँक पैसे देते. मासा ताजा का शिळा ते बँक बघत नाय, फक्त कागद बघते. आपलं बिल, जहाजवाल्याची बीएल म्हणजे माल चढल्याची पावती, आनी विम्याचं सर्टिफिकेट, या तिघांनी एकमेकांशी भांडायचं नाय.

कंटेनर एक तारखेला निघाला, चारला जहाजावर चढला. सातला मी कागद पनवेलच्या आपल्या बँकेत दिले. त्यांनी तपासले, तिकडे पाठवले. एकोणीस तारखेला तिकडनं उत्तर आलं की कागद नामंजूर, तीन चुका.

त्या उत्तराच्या पाठोपाठ केतनचा फोन. हा केतन मुंबईतला दलाल, सौदा त्यानेच जमवलेला.

"कमळाकरशेठ, पार्टी चांगली आहे. पंधरा टक्के सोडा, ते चुका माफ करतात. आजच्या आज पेमेंट."

"आनी नाय सोडले तर?"

"मग माल तिकडे बंदरात पडून राहील. थंड कंटेनरच्या विजेचं भाडं रोजचं. मासा आहे शेठ, सोनं नाही."

"तिकडे भाव पडला काय रे बाकल्याचा?"

तो बोलला, "थोडा पडलाय."

तेव्हा मला कळलं, खरी चूक कागदात नाय, पडलेल्या भावात हाय.

पण राग येऊन कागद सुधारत नाय. मी भाविकाला बोलावलं. भाविका आपल्या नवीन पनवेलच्या ऑफिसात एक्सपोर्टचे कागद करते. बोलते कमी, वाचते जास्त. तिला बोललो, "पोरी, मला इंग्रजी नको. एकेक चूक सांग, आनी ती खरी हाय का खोटी ते सांग."

ती बोलली, "पहिली. बिलात 'फ्रोजन रिबनफिश', म्हणजे आपला बाकला, आहे, बीएलमध्ये नुसतं 'फ्रोजन फिश'."

"मंग बाकला काय कोंबडी हाय?"

"तेच काका. बिलात एलसीतलं नाव जसंच्या तसं लागतं, ते आहे. बीएलमध्ये मोघम चालतं, फक्त उलटं काही लिहिलेलं नको. ही चूकच नाही. दुसरी. बिलात वजन सत्तावीस हजार किलो, बीएलमध्ये अठ्ठावीस हजार सहाशे वीस."

"ते खोक्यांसकट हाय. सत्तावीसशे खोकी."

"हो, तसं स्पष्ट छापलंय. बिलात निव्वळ, बीएलमध्ये एकूण. हीपण चूक नाही."

मी खूश झालो. वाटलं, आता केतनची खरडपट्टी काढतो. पण भाविका हसली नाय.

"तिसरी खरी आहे काका. माल चारला जहाजावर चढला, विम्याच्या सर्टिफिकेटवर तारीख सहा. म्हणजे कागदाप्रमाणे दोन दिवस माल विम्याशिवाय समुद्रात होता."

आता ही चूक कोणाची, तर माझी. आमचा वीस वर्षांचा रिवाज होता. आधी बीएल हातात घ्यायची, मग विम्याचं सर्टिफिकेट काढायचं. जहाजाचं नाव शेवटच्या दिवशी बदलतं, मग सर्टिफिकेट पुन्हा करा, कोण करणार? या हुशारीतनं ते दोन दिवस पडले. आपल्या बँकेच्यापण नजरेतनं सुटले.

केतनचा दुसरा फोन आला. "शेठ, एक तारीख तर आहे. विमावाल्याला सांगून सहाचे चार करून घ्या. कोणाला कळतंय?"

मी बोललो, "मला कळतंय ना. सहाला काढलेला कागद सहालाच काढला. खोटी तारीख घालून खरा पैसा मागायला मी भिकारी नाय. आनी पंधरा टक्के विसर. आज तुला दिले तर उद्या माझ्या प्रत्येक कंटेनरात तिकडच्यांना तीन चुका सापडतील."

फोन ठेवला. हौसा, माझी बायको, समोर बसली होती. ती बोलली, "बोलला तर बरोबर."

एलसीची मुदत अशी की जहाजावर चढल्यापासून एकवीस दिवसांत सुधारलेले कागद पनवेलच्याच बँकेत टाकता येत होते. म्हणजे पंचवीस तारीख, मंगळवार. त्या दिवशी चुकलो की बँकेचा शब्द संपला, मग गिर्‍हाईक देईल तो भाव.

भाविकाने मला विचारलं, "काका, माल निघाला त्या दिवशी विमा कंपनीला कळवलं होतं का?"

आपली वर्षाची मोठी पॉलिसी असते ना, तिच्यात प्रत्येक गाडी निघताना मेल टाकायची. तिने त्या दिवसाची मेल शोधून काढली. एक तारीख, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. कंटेनर नंबरसकट.

"मग विमा एक तारखेपासून चालू होता," ती बोलली. "फक्त सर्टिफिकेटवर ते लिहिलेलं नाही. तारीख बदलायची गरजच नाही. कंपनीकडून आजच्याच तारखेचं नवीन सर्टिफिकेट घेऊ, त्यात लिहून घेऊ की संरक्षण एक तारखेपासून लागू. जुनं रद्द. नियमात हे बसतं."

विमा कंपनीत तीन दिवस खेटे घातले. साहेब बोलायचा, उद्या या. सोमवारी मी डबा घेऊनच गेलो आनी त्याच्या टेबलासमोर उघडला. सुक्या जवळ्याचा वास सुटला. संध्याकाळी पाचला सर्टिफिकेट हातात.

मंगळवारी बँकेत. तिथला शैलेश साहेब, स्वभावाने बरा पण भित्रा. बोलला, "विम्याचा कागद पाठवतो. पण त्या दोन मुद्द्यांवर परदेशी बँकेशी वाद कशाला, काका? डिस्काउंट देऊन मोकळे व्हा ना."

भाविकाने बँकांच्या नियमांचं पुस्तक त्याच्यासमोर ठेवलं, खुणा केलेलं. "सर, वाद नको. हे कलम लिहा, ते वाचतील."

मी खुर्ची ओढली. "साहेब, तुमी लिहा. मी इथंच बसतो. डबा आज पन आनलाय."

त्याने लिहिलं. चुका कुठल्या कलमाने चुका नाहीत, ते ओळीने. नवीन सर्टिफिकेटवर पंचवीस तारखेचा शिक्का मारून दिला.

मग वाट बघायची. केतनचे फोन आले, दहा टक्के, मग सात, मग पाच. प्रत्येक वेळी मी एकच बोललो, "कागद वाच." कागद तिकडे पोचल्यावर बँकेला पाच कामाचे दिवस असतात. चौथ्या दिवशी पैसे आले. पूर्ण. एक पैसा कापला नाय, उलट बंदरातलं विजेचं भाडंपण माल सोडवताना त्या गिर्‍हाईकानेच भरलं.

तेव्हापासून आमच्याकडे गाडी गेटाबाहेर पडायच्या आधी सर्टिफिकेट निघतं. जहाज बदललं तर बदललं, पुन्हा करू.

आता तू. तुझ्या कंटेनरावर आठ टक्के सोडतोयस असं ऐकलं. तुझी गोष्ट वेगळी असेल, तुझ्या तिन्ही चुका खर्‍या असतील, मला काय ठाऊक. पण तू त्या वाचल्यास का? का दलालाने फोनवर सांगितल्या तेवढ्याच ऐकल्यास? चहा घे. मग ती फाईल उघड, बँकेचा तो नकाराचा कागद काढ, आनी मला सावकाश, एकेक ओळ वाचून दाखव.