सारसोळ्याच्या लग्नातला बैठा भात

सारसोळ्यात लग्न कुणाचंही असो, भात पुतळाबाईचाच. गोष्ट अठ्ठावन्न सालच्या वैशाखातली. खाडीकाठी तेव्हा गावं होती, मिठागरं होती, शहर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आणि पुतळाबाईनं गेल्या वीस वर्षांत अख्ख्या काठाला एकच शिकवलं होतं, की भात वेळावा. मोठ्या टोपात तांदळाच्या पाचसहा पट पाण्याचं आधण ठेवायचं, ते खळखळलं की तांदूळ वैरायचे, मधून मधून उलथणं फिरवायचं, शीत चिमटीत दाबून बघायचं, आणि आत जराशी कणी लागते न लागते तोवर टोप तिरका करून पेज गाळून टाकायची. सगळा चिकटपणा पेजेबरोबर निघून जातो. मागं राहतो तो भात असा, की शितं ताटात एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत.

यंदाचं लग्न तर घरचंच होतं. धाकटा भाऊ गोटीराम, त्याची लेक जमुना. वऱ्हाड कोपरखैरण्याचं, दुपारच्या भरतीला होड्यांनी यायचं होतं. तीनशे पान. वरमाय शेवंताबाई जिभेची फटकळ म्हणून प्रसिद्ध. साखरपुड्यात आमच्या कालवणाला ‘पातळ’ म्हणून गेलेली बाई ती. भाताला नाव ठेवलं असतं, तर पुतळाबाईला पुन्हा कुठल्या मांडवात उलथणं धरायला तोंड उरलं नसतं.

आणि नेमकं घात करायला पाणी उठलं. गावची विहीर वैशाखात मचूळ होते, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून गोड्या पाण्याची दोन पिंपं बैलगाडीनं यायची होती. एक आलं. दुसरं उतारावर गाडीतून निसटलं, फुटलं आणि वाटेला पाजून गेलं.

“रांजणात प्यायचं पानी येगळं हाय,” गोटीराम घाम पुसत म्हणाला. “पन भाताला हे येकच पिंप. पुरंल ना आक्का?”

“अर्ध्या तांदळालाबी पुरनार न्हाय,” पुतळाबाई म्हणाली. “मचूळ पान्यात शिजवला, तर वऱ्हाड भात खाईल का मीठ?”

तेवढ्यात मागून आवाज आला. “बैठा करू. दुप्पट पानी लागतंय, जास्त न्हाय.”

ही विमल. गोटीरामची बायको, जमुनाची आई. लहानपणी गिरगावात एका खानावळीत मावशीच्या हाताखाली वाढलेली. तिथं भात बैठाच व्हायचा, म्हणजे मोजून पाणी घालायचं आणि ते सगळंच्या सगळं तांदळानं पिऊन टाकायचं, पेज काढायची नाही. लग्न होऊन आली तेव्हा विमलनं एकदा तसा भात केला होता. पुतळाबाईनं तो चार जणांत उलथण्यानं उचलून दाखवला होता, “बगा, चिकल.” त्या दिवसापासून अठरा वर्षं विमल नणंदेसमोर भाताच्या चुलीकडे फिरकली नव्हती.

पुतळाबाईनं पिंपाकडे बघितलं, उन्हाकडे बघितलं. अडला हरी म्हणतात ना, तसली गत.

“कर बाई,” ती म्हणाली, आणि ते दोन शब्द काढताना तिचा जीव अर्धा झाला.

विमलनं पदर खोचला. पहिल्यांदा तिनं पुतळाबाईचा तो लाडका भला मोठा टोपच बाजूला सारला. “यात बैठा भात न्हाय व्हनार. खालचा करपंल, मदला वज्यानं दबून गिचका व्हईल, वरचा कच्चा ऱ्हाईल.” घराघरांतून तिनं आठ मध्यम टोप गोळा केले. तांदूळ मचूळ पाण्यानंच तीनदा चोळून धुतले, वरचं पांढरं पीठ जाऊ दे म्हणाली, नाहीतर तेच चिकटतं. शेवटी तेवढं गोड्या पाण्यानं खंगाळून निथळले. मग प्रत्येक टोपात तांदळाच्या एका मापाला दोन मापं पाणी, आणि वर अर्धा तास नुसतं भिजत ठेवायचं. तांदूळ जुना होता म्हणून दोन, नवा असता तर कमी घातलं असतं.

“वऱ्हाड होडीत बसलं असंल आन तू तांदूळ निजवत बसलीस,” पुतळाबाई फणकारली.

“आत पानी मुरलं की मदी कनी ऱ्हात न्हाय, आक्का.”

चुली पेटल्या. पाणी उकळलं, आटलं, तांदळाच्या बरोबरीला आलं आणि वर बारीक बारीक भोकं पडली. तेव्हा विमलनं लाकडं ओढून घेतली. टोपांवर ओलं फडकं, त्यावर झाकण, झाकणावर निखारे. “आता पाऊन तास कुनी हात लावायचा न्हाय. आतली वाफ शिजवील.” असं म्हणून ती लेकीला हळद उतरवायला घरात गेली.

आता सांगा, वीस वर्षं ज्या बाईनं दर पाच मिनिटांनी शीत दाबलंय, तिनं पाऊण तास झाकणाकडे बघत बसायचं कसं? पुतळाबाई बसली. उठली. पुन्हा बसली. तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. न बघता शिजवलेला भात म्हणजे न बघता केलेला नवरा, असं तिचं मत होतं. शेवटी कडेच्या टोपाचं झाकण तिनं उचललंच. भसकन वाफ तोंडावर आली आणि निघून गेली. शीत दाबलं तर आत कणी. घाबरून तिनं उलथणं घातलं आणि चांगलं खालीवर ढवळलं. अर्धवट मऊ झालेली शितं मोडली, एकमेकांवर घासली, आतलं सगळं पिठूळ बाहेर आलं, आणि बघता बघता टोपात खळ तयार झाली. खळीतही कणी होतीच.

तिनं गुपचूप झाकण ठेवलं. कुणी बघितलं नाही, हे दोनदा बघितलं.

वऱ्हाड उतरलं, लग्न लागलं, पंगत बसली. विमलनं एकेक झाकण काढलं. सात टोपांतला भात फुलून वर आलेला, मऊ, शीत शीत वेगळं पण हात लावला की हलकेच एकमेकांना धरणारं. आठव्यापाशी ती थांबली. नणंदेकडे बघितलं. तो टोप तिनं चुलीमागे सारला.

भात सातांतच भागला. वाढणाऱ्यांना हात जरा आखडावा लागला, एवढंच. शेवंताबाईनं पहिला घास घेतला, कालवण भातात धरून राहिलं, ताटभर पळालं नाही. दुसऱ्यांदा भात मागितला. तिसऱ्यांदाही मागितला. जेवणं झाल्यावर ती चुलीपाशी आली, हातात हिरवं लुगडं आणि नारळ.

“पुतळाबाय, नाव आयकून व्हते. पन तुजा भात कोरडा आसतो म्हनत व्हते लोक. आज तर सत्व हाय भातात. पुढल्या म्हैन्यात धाकट्याचं लगीन हाय, तूच ये.”

लुगडं पुढं आलं. पुतळाबाईचा हातही अर्धा पुढं गेला. घ्यायला काय लागत होतं? विमल तोंड उघडणार नव्हती, अठरा वर्षं कुठं उघडलं होतं? पण तीच विमल तिथं पाठमोरी उभी होती आणि आठवा टोप अंगानं झाकून ठेवत होती.

“माजा न्हाय,” पुतळाबाई म्हणाली. “भावजयीचा हाय. मी फकस्त येक टोप नासवला.”

एवढं मोठं मन दाखवल्यावर माणसाची काही अपेक्षा असते. विमल लाजेल, ‘नाय वो, समदं आक्कांनीच शिकवलं’ म्हणेल, आपण नको नको म्हणू, असं पुतळाबाईनं मनात मांडूनही ठेवलं होतं.

विमलनं हात पुसले. “व्हय,” ती म्हणाली, “माजाच हाय.” आणि लुगडं घेतलं.

पुतळाबाईला ते चांगलंच झोंबलं. ती चुलीमागे गेली, आठव्या टोपातली खळ ताटात घेतली आणि कणी कडाकडा चावत निम्मं ताट संपवलं. मग तिथूनच, मान वर न करता, विचारलं, “इमल, नवा तांदूळ आसला तर पानी किती घालायचं?”