शुद्ध हवा

आमच्या साहेबांना बोलणाऱ्या माणसांचा भारी राग. बोलणारी माणसं अडखळतात, विनोद करतात, एकच गोष्ट तीनदा सांगतात. म्हणून कारखान्यातल्या प्रशिक्षणाचं रेकॉर्डिंग ऐकून त्याची स्वच्छ, प्रमाण मराठीत पुस्तिका करायला त्यांनी मला नेमलंय. भाषेची धोबीण म्हणा ना.

यावेळी कंप्रेसरचं प्रशिक्षण होतं. शिकवणारे फोरमन म्हणत होते, "मेन स्विच ऑफ करा, लॉक लावा, की आपल्या पॉकेटमध्ये." मी लिहिलं : 'मुख्य कळ बंद करून कुलूप लावावे व किल्ली स्वतःजवळ ठेवावी.' झालं स्वच्छ.

मग ते एकदम थांबले. "आणि लिसन, गेज झिरो दाखवतोय म्हणून ट्रस्ट करू नका. काटा अडकतो. ड्रेन व्हॉल्व्ह ओपन करा, सगळी हवा जाऊ द्या, मगच फिल्टरचे बोल्ट. माझं हे बोट बघा, कुठंय?" वर्गात कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

साहेबांनी माझ्या मसुद्यातला तो परिच्छेदच खोडला. "अवांतर. बोटाचं काय करायचंय?"

सोमवारपासून माझी ताई त्याच कंप्रेसरवर जाणार होती. प्रशिक्षण तिचं बुडलेलं, भिस्त सगळी पुस्तिकेवर. भांडून उपयोग नव्हता; साहेबांना पटवायचं तर त्यांच्याच भाषेत. मी लिहिलं : 'दाबमापकाचा निर्देशक शून्यावर स्थिरावल्याचे निदर्शनास आले तरी अंतर्गत दाब संपुष्टात आल्याचे गृहीत न धरता, निचरा-झडप उघडून वायूचे संपूर्ण निष्कासन झाल्याची खातरजमा करण्यात यावी.'

साहेब हरखले. "वा! याला म्हणतात मराठी!" पुस्तिका छापून आली. मीही हवेत होते. साहेबांची कशी जिरवली!

रविवारी ताईनं भाजी निवडता निवडता ते पान वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"हे निष्कासन कोणाचं करायचं गं? माझं?"

"अगं, काटा झिरोवर आला तरी ड्रेन व्हॉल्व्ह उघडून बघायचं. आतली हवा गेली की मगच बोल्ट."

"एवढंच? मग एवढंच लिहायचं ना."

जिरली होती ती माझीच. मोबाइलवर रेकॉर्डिंग होतं, ते लावलं. बोटाच्या वाक्याला ताईचे हात थांबले. तिनं ते परत लावायला सांगितलं, आणि परत. एकच गोष्ट तीनदा.

सोमवारी सकाळी मी साहेबांना म्हटलं, पुढच्या छपाईत ते वाक्य बदलू या. ते दुखावले. "सबंध पुस्तिकेत तेवढंच तर छान जमलंय!"

संध्याकाळी ताई घरी आली. पुस्तिका पिशवीत तशीच होती. तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. कंप्रेसरवर, गेजखाली तिनं मार्करनं लिहिलं होतं : 'काट्यावर ट्रस्ट नको. ड्रेन ओपन कर. बोट आठव.'

मी तिची बोटं मोजली, आणि मग चहा टाकला.