अंगठ्याचा कोपरा

माझी लेक तोंडावर बोलते. हा गुण माझाच, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. मागच्या सुट्टीत ती आणि माझी नात, टिकली, अशा दोघी चार दिवस राहायला आल्या होत्या. टिकली सात वर्षांची, तिला दमा आहे. दुसऱ्याच दिवशी पोरीला धाप लागली. लेकीने गाद्या हुंगल्या, पडदे हुंगले, मग बाथरूममध्ये गेली आणि बाहेर येऊन बॅग भरायला लागली. शॉवरखाली भिंत आणि फरशी जिथे मिळतात, तिथल्या सिलिकॉनच्या पट्टीवर काळी बुरशी धरली होती. टाइल्समधल्या पांढऱ्या रेघाही काळवंडल्या होत्या.

"आई, ते काळं जाईपर्यंत मी हिला इथे आणणार नाही," ती दारात म्हणाली.

पुढची सुट्टी येत्या शनिवारी लागणार होती. त्या चार दिवसांखेरीज वर्षभरात माझ्या घरी माणसाचा आवाज म्हणजे टीव्हीचा. आमचे हे जाऊन दोन वर्षं झाली. घरात बोलायला कोणी नसलं की माणूस भांड्यांशी भांडतं. मी तर कुकरला अहो-जाहो करते.

रविवारी मी कंबर कसली. तारेचा ब्रश घेतला आणि कोरड्या पट्टीवर खसाखसा घासला. काळी भुकटी उडाली, मला शिंका आल्या आणि पट्टीवर ओरखडे उठले. काळं होतं तिथेच. सोमवारी ब्लीच आणलं, पाणी न घालता ओतलं आणि दहा मिनिटं वाट पाहिली. काहीच होईना, तेव्हा त्यावरच टॉयलेट साफ करायचं लिक्विड ओतलं. एकाने भागत नाही तर दोघांनी भागेल, असा माझा हिशोब.

नाकातोंडात असा तिखट वास गेला की श्वासच अडकला. डोळे चुरचुरायला लागले. मी दार ओढून घेतलं, दिसेल ती खिडकी उघडली आणि जिन्यात जाऊन बसले. तासभर खोकत होते. कोणी वर आलं नाही, कोणी खाली गेलं नाही. मी आत पडले असते तर शनिवारीच कळलं असतं, तेही लेक आली असती तर. हे मला त्या जिन्यात बसून कळलं आणि मी रडले.

मंगळवारी मिस्त्रीला बोलावून घेतलं. खालच्या मजल्यावरच्या टाइल्स त्यानेच बसवल्या आहेत. माझी कर्तबगारी ऐकून त्याने हातातली पिशवी खाली ठेवली.

"काकू, ब्लीचमध्ये पाण्याशिवाय काही घालायचं नाही. टॉयलेटचं लिक्विड नाही, व्हिनेगर नाही, काही नाही. विषारी वायू होतो. वाचलात."

त्याने खिडकी सताड उघडली, पंखा लावला आणि आधी सगळं भरपूर पाण्याने धुऊन काढलं. मग मला मास्क, चष्मा आणि रबरी मोजे चढवायला लावले. आरशात बघितलं तर मी दरोडा घालायला निघाल्यासारखी दिसत होते. त्याने बादलीत दहा भाग पाणी आणि एक भाग ब्लीच घेतलं, टिश्यूपेपरच्या सुरळ्या त्यात भिजवल्या आणि रेघांवर आणि पट्टीवर चिकटवून ठेवल्या. उभ्या भिंतीवरून ब्लीच ओघळून जातं, कागद ते धरून ठेवतो, असं त्याने सांगितलं. दोन तासांनी कागद काढून, मऊ ब्रश फिरवून पाणी मारलं, तर रेघा नव्यासारख्या पांढऱ्या झाल्या. मला वाटलं, जिंकले.

पट्टी मात्र काळीच होती.

वरवरची बुरशी धुतली जाते, पण ती सिलिकॉनच्या आत शिरली की पट्टी कापून नवीन भरावी लागते, असं मिस्त्री म्हणाला. मी म्हटलं, मग वरूनच नवीन चढवा. तो नाही म्हणाला. जुन्यावर नवीन धरत नाही आणि आतलं काळं महिन्याभरात बाहेर येतं. मी म्हटलं, निदान कोपरा तरी ठेवा. तेव्हा तो खाली वाकला आणि कोपऱ्यात टॉर्च मारला.

"इथे कोणीतरी अंगठा दाबलाय. खळगा झालाय, त्यात पाणी साचतं. सुरुवात इथूनच झालीय, काकू."

कोणीतरी म्हणजे आमचे हे. जन्मभर पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात खर्डेघाशी केली आणि निवृत्त झाल्यावर घरातली गळती स्वतः बंद करायचा चंग बांधला. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून त्यांनी ती पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात गुळगुळीत केली होती. शेवटच्या कोपऱ्यात पोचले आणि मी चहा झाला म्हणून हाक मारली. उठताना तोल सावरायला त्यांनी तिथेच अंगठा टेकला. त्या ठशात त्यांच्या बोटाच्या रेषासुद्धा उमटल्या होत्या. ओरडले माझ्यावर. पुढे दोन महिन्यांत ते गेले.

हे असताना अंघोळीनंतर सगळी भिंत वायपरने निपटून काढायचे आणि खिडकी उघडी ठेवायचे. ते गेल्यावर मी भिंत निपटायचे, जमिनीजवळची पट्टी फडक्याने टिपायचे, पण कोपरा सोडायचे. घासून घासून रेषा पुसल्या जातील, ही भीती. उघड्या खिडकीतून धूळ येऊन त्यात बसेल म्हणून खिडकीही लावून घ्यायचे. दोन वर्षं मी तो अंगठा जपला आणि त्यातच ती बुरशी पोसली. माझ्या नातीचा श्वास कोंडणारी वस्तू मी देवासारखी सांभाळत होते.

मिस्त्रीला यातलं काही सांगितलं नाही. उद्या बघू म्हणून त्याला वाटेला लावलं. संध्याकाळभर शॉवरखाली पाटावर बसून राहिले. लेकीला फोन करावासा वाटला, पण काय सांगणार? तुझ्या बाबांचा अंगठा की तुझी मुलगी, असं काही विचारता येतं का? उत्तर मलाच ठाऊक होतं. फक्त ते मोठ्याने बोलून दाखवायला समोर कोणी नव्हतं.

बुधवारी मिस्त्री आला. आधी त्याने पट्टीवर पाणी फवारलं, म्हणजे कापताना बुरशी उडू नये. मग पातळ पात्याने भिंतीकडून एक चीर दिली, फरशीकडून एक, आणि पट्टी सोलून काढत आणली. कोपरा आला तेव्हा मी म्हटलं, तो मी काढते. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पातं हातात दिलं.

मोजे घातलेल्या हाताला रेषा लागत नाहीत. तुकडा चटकन निघाला. वाटलं होतं तेवढा जीव लावून तो काही चिकटलेला नव्हता.

"ठेवू का हा?" मी विचारलं.

"ठेवू नका, काकू. आतून सगळा सडलाय," तो हळूच म्हणाला आणि प्लास्टिकची पिशवी पुढे धरली. मी तुकडा आत टाकला. गाठ मीच मारली.

त्याने उरलेलं सिलिकॉन खरवडलं आणि सांधा पुन्हा ब्लीचच्या पाण्याने पुसून धुतला. पूर्ण दिवस तो वाळू द्यायचा, ओल राहिली तर सगळी मेहनत पाण्यात, असं बजावलं. गुरुवारी दुपारी त्याने नवीन पट्टी भरली, बुरशी न धरणाऱ्या सिलिकॉनची. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. चहा झाला होता. मी हाक मारली नाही. तो हात पुसून उठला तेव्हाच कप पुढे केला.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तिथे पाणी लागू द्यायचं नव्हतं. सकाळी मी स्वयंपाकघराच्या नळावर हातपाय धुतले. दुपारी लेकीचा फोन आला.

"काळं गेलं का, आई?"

मी बाथरूमच्या दारात उभी होते. खिडकी उघडी होती. कोपरा गुळगुळीत, पांढरा, कोणाचाही नसलेला.

"गेलं," मी म्हटलं. "सगळं गेलं. या तुम्ही."