टेगनच्या नावावरचं तिकीट

डार्विन शहरात ऑक्टोबर आला की ढग नुसते जमतात, बरसायचं नाव घेत नाहीत. माणसं चिडतात, यंत्रं चिडतात, आणि दोघांचीही गाऱ्हाणी शेवटी मनोलीच्या टेबलावर येतात. बार्जनी, म्हणजे सपाट मालबोटींनी, बेटांना माल पोहोचवणाऱ्या कंपनीचा आयटी विभाग म्हणजे तो एकटाच. एप्रिलपर्यंत दोघं होते.

त्या सकाळी पगार विभागातून मेसेज आला:

'आयटी विभागास, माझा लॅपटॉप या वर्षात तिसऱ्यांदा बंद पडला आहे. फेब्रुवारीत चार्जिंग घेईना. जुलैत पंखा गेला. आता काम करता करता अचानक बंद होतो. एका वर्षात तीन बिघाड झाल्यास लॅपटॉप बदलून मिळतो, असा नियम आहे. तरी कृपया बदलून द्यावा. – नोरीन हार्टिगन.'

मनोलीने मेसेज वाचला. असा मेसेज आला की यंत्रणा आपोआप त्याचं तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, काढते आणि कुणाच्या तरी नावावर टाकते. हे तिकीट टेगन हार्टिगनच्या नावावर पडलं होतं. शिवाय टेगनकडून उत्तरही गेलं होतं:

'हाय! तुझं काम माझ्याकडे आलंय. मी बघते, तू चहा पी. – टेगन.'

टेगन ही नोरीनची मुलगी. मनोलीच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची, त्याच्या डब्यातले ऑलिव्ह न विचारता उचलायची. एप्रिलमध्ये हायवेवर तिची गाडी उलटली आणि ती गेली.

पगार विभागाची सगळी तिकिटं आपल्याकडे यावीत, हा नियम तिनेच यंत्रणेत घालून ठेवला होता. "माझ्या आईची कटकट तू ऐकावीस एवढं पाप तू केलेलं नाहीस," असं ती मनोलीला म्हणाली होती. आपोआप जाणारी उत्तरंही तिनेच लिहून ठेवलेली, काम आल्याचं एक आणि काम झाल्याचं एक. माणूस जातो आणि त्याने घातलेला नियम इमानदारीत चालू राहतो, हा त्या यंत्रणेचा गुण म्हणावा की क्रौर्य, मनोलीला कळत नव्हतं. जुलैत पंख्याचं तिकीट असंच टेगनकडे गेलं, तेव्हा त्याने घाईघाईने ते आपल्या नावावर घेतलं आणि पंखा बदलून मिटवलं. नियम काढायचा, असं त्याने तेव्हाच ठरवलं होतं. पण त्या बटणापाशी आलं की हात मागे यायचा. यादीत आपल्या नावाखाली तिचं नाव दिसलं की एकटं वाटायचं नाही, हे खरं कारण. ते कुणाला सांगणार?

आता ते नाव लपणारही नव्हतं. मुख्य कार्यालयातून प्रिसिला दर आठवड्याला फोन करत होती. कालही तिने झापलं होतं.

"मनोली, गेलेल्या माणसाच्या यंत्रणेतल्या खात्याचे पैसे आपण का भरतोय? शुक्रवारपर्यंत ते नाव उडालं पाहिजे."

"उडवतो," तो म्हणाला होता.

या वेळी त्याने तिकीट टेगनच्याच नावावर राहू दिलं, नोरीनचा लॅपटॉप वर आणला आणि दिवसभर तपासला. मेमरी ठीक. डिस्क ठीक. बॅटरी ठीक, नवा पंखा गार वारा फेकतोय. तासन्तास जड काम देऊन पाहिलं, पठ्ठ्या एकदाही बंद पडला नाही. मग त्याने आतल्या नोंदी उघडल्या. लॅपटॉप केव्हा आणि कसा बंद झाला, हे तो स्वतःच लिहून ठेवत असतो. अचानक बंद पडल्याच्या प्रत्येक नोंदीत तेच होतं. चालू-बंद करायचं बटण बराच वेळ दाबून धरलेलं.

मनोलीला वाटलं, भूत असतं तर बरं झालं असतं. हे बोट होतं, आणि ते कुणाचं हे त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप घेऊन तो खाली गेला. नोरीन धक्क्याकडच्या बाकावर एकटी बसली होती. साठीकडे झुकलेली, ताठ बाई. पूर्वी पगारात एका सेंटची चूक झाली तर सगळ्यांच्या डोक्यावर बसायची. हल्ली हळू बोलायची.

"काय रे, मिळतोय का नवा?" तिने विचारलं.

"याला काही झालेलं नाही, नोरीन." तो लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवत म्हणाला.

"मग बंद कसा पडतो?"

"तू पाडतेस म्हणून."

तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. समोर एका बार्जवर पिकअप चढवत होते, तिकडेच बघत राहिली.

"कळतं वाटतं तुम्हाला ते?"

"सगळं लिहिलेलं असतं आत."

"टेगन पण असंच म्हणायची. आई, मला सगळं दिसतं." ती जराशी हसली. "जुलैत पंखा खरंच गेला होता हं. मी तक्रार टाकली आणि तिचं उत्तर आलं. मी बाथरूममध्ये जाऊन बसले, इतकी घाबरले. मग पुन्हा वाचलं. चहा पी म्हणाली, म्हणून प्यायले."

"मी तो नियम काढायला हवा होता. चुकलं माझं."

"गप रे. काढला असतास तर मी काय वाचलं असतं?"

मनोलीला पुढचं विचारवत नव्हतं, तरी त्याने विचारलं. "पण नवा मागितलास कशाला? हाच तर तिने तुला लावून दिलाय."

"नवा कुणाला हवाय! दुरुस्ती सांगितली की तू मेला धावत येतोस आणि दोन दिवसांत तिकीट मिटवतोस. नवा मागितला की मुख्य कार्यालयाची मंजुरी, खरेदी, महिनाभर काही हलत नाही. तेवढे दिवस ते तिच्या नावावर राहतं. आजही सकाळी उघडून बघितलं मी. 'टेगनकडे काम सुरू आहे' असं लिहिलेलं होतं."

मनोलीच्या ग्रीक घरात माणूस गेला की त्याच्या आठवणीत गहू शिजवतात आणि त्याचं नाव मोठ्याने घेतात. या बाईने तेच केलं होतं, ऑफिसच्या तिकिटावर.

"शुक्रवारी तिचं नाव जाणार आहे," तो म्हणाला. "माझ्या हातात नाही. तिकीट उघडं राहिलं तर आपोआप माझ्यावर येईल."

नोरीनने मांडीवरच्या लॅपटॉपवर हात ठेवला.

"जुलैत मी तिच्या शेवटच्या उत्तराची वाट बघत बसले होते. आलं ते तुझं. 'पंखा बदलला. तिकीट बंद. मनोली.' किती रे तुसडा तू!"

"माहीत नव्हतं मला."

"आता मिटव. पण तिच्या नावावरून मिटव. काम अर्धवट टाकणारी नव्हती ती."

मनोलीने फोन काढला. तिकीट उघडलं. कारणाच्या जागी लिहिलं: 'तपासले. बदलण्याची गरज नाही.' नाव टेगनचंच ठेवलं. अंगठा क्षणभर थांबला, नोरीनने मान हलवली, आणि त्याने दाबलं.

तिच्या पिशवीत फोन वाजला. चष्मा लावून तिने वाचलं, आणि मग मनोलीपुढे धरला.

'झालं तुझं काम. आता लॅपटॉप मिट आणि घरी जा. – टेगन.'

नोरीनने लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला आणि उठली.

"अगं, अजून तीनच वाजलेत," मनोली म्हणाला.

"तिने सांगितलंय ना," नोरीन म्हणाली, आणि गाडीकडे चालू लागली.