आधी बोल, मग चाल

लोणी भापकरच्या अप्पांच्या घरी बुद्धिबळाचे नियम अप्पांचे होते. राजा अडकला, शह नसला आणि हलायला जागाच उरली नाही, तर अडकलेला हरला! आणि मोठा नियम असा की आधी चाल करायची, तोंड मागून उघडायचं. आधी बोलतो तो भित्रा. त्यांची नात तेजश्री त्याच नियमांवर वाढली आणि थेट बारामतीच्या जिल्हा निवड स्पर्धेत येऊन बसली.

पहिला फटका सकाळीच बसला. जिंकत आलेल्या डावात समोरच्याचा राजा कोंडला गेला, आणि दोरीपलीकडून अप्पा ओरडले, "जिंकली रं माझी पोर!" पंच मॅडम म्हणाल्या, "आजोबा, गप्प बसा. हे स्टेलमेट. डाव तिथंच संपला, दोघांना अर्धा अर्धा गुण." अप्पांना ते दिवसभर पटलं नाही.

आता शेवटची फेरी होती. अर्धा गुण मिळाला तर तेजश्री जिल्हा संघात, हरली तर घरी. समोर होता बारामतीच्या मोठ्या क्लासचा शिवम. त्याच्याकडं हत्ती आणि उंट, हिच्याकडं नुसता हत्ती. त्याचं शेवटचं प्यादं हिनंच मारलं होतं. जिंकायला आता काही उरलं नव्हतं, फक्त मार खात तग धरायचा होता.

शिवम तेच ते फिरवून बघत होता. पटावरची एक स्थिती दोनदा येऊन गेली; तीच तिसऱ्यांदा आली की बरोबरी मागता येते. आपल्या चालीनं ती तिसऱ्यांदा येणार हे तेजश्रीनं हेरलं, आणि घरच्या सवयीनं हत्ती सरकवला, घड्याळ दाबलं, मग छाती काढून म्हणाली, "मॅडम, तिसऱ्यांदा आलीय. ड्रॉ!"

पंच मॅडमनी मान हलवली. "चाल करून झाली ना? मागणी चालीच्या आधी करायची असते. मग या चालीचा तुझा हक्क गेला. आता पाळी त्याची, मागायचं तर त्यानं मागावं."

शिवम कशाला मागतोय! गालात हसला आणि वेगळीच चाल खेळला. तेजश्रीच्या कानशिलात आग झाली. स्वतःचा राग आला, त्याहून अप्पांचा आला. आता उरला एकच रस्ता. त्या प्याद्याच्या मरणानंतर दोघांच्या पन्नास पन्नास चाली, त्यात कुणी काही मारलं नाही की प्यादं सरकवलं नाही, तर बरोबरी मागता येते. प्यादं सरकायचा प्रश्नच नव्हता, पटावर प्यादं होतंच कुठं!

बाकीचे सगळे डाव उठले. बक्षीस समारंभाला खोळंबलेले आयोजक महिपतराव टेबलाशी आले. "पोरी, सोड आता. हात मिळव त्याच्याशी. पाहुणे ताटकळलेत."

"पाहुण्यांना चहा पाजा," तेजश्री पटावरून नजर न काढता म्हणाली. "मी काय हात मिळवत न्हाय."

पंच मॅडमनी महिपतरावांना दोरीबाहेर काढलं. शिवमनं तिचा राजा कडेला रेटला, ती निसटली. पुन्हा रेटला, पुन्हा निसटली. प्रत्येक चाल ती लिहीत गेली. मरते का बघ, असं तिनं मनातल्या मनात त्याला शंभरदा सुनावलं.

शेवटी त्याची पन्नासावी चाल झाली. तिच्या एकोणपन्नास. हिची एक झाली की दोघांच्या पन्नास भरल्या. बोटं आपोआप हत्तीकडं निघाली, मुंगीएवढं अंतर राहिलं आणि ती थबकली. हात मागं ओढला आणि मांडीखाली दाबून बसली.

"खेळ की!" शिवम पुटपुटला.

ती खेळली नाही. पेन उचललं, हत्तीची चाल कागदावर लिहिली, सोंगटीला बोट लावलं नाही. घड्याळ थांबवलं आणि हात वर केला.

"मॅडम, ही चाल मी खेळणार हाय. ती धरून दोघांच्या पन्नास होतात. मारामारी न्हाय, प्याद्याची चाल न्हाय. मी बरोबरीचा दावा करते."

पंच मॅडमनी दोघांचे कागद समोर ठेवले आणि त्या प्याद्यापासून मोजायला बसल्या. शिवमचं तोंड उतरत गेलं. तेजश्रीचं मोजणं चुकलं असतं तर शिवमला दोन मिनिटं जादा मिळाली असती आणि लिहिलेली चाल तिला खेळावीच लागली असती. तेजश्रीला तहान लागली होती, पण पाण्याची बाटली उचलायलाही ती हलली नाही.

"दावा बरोबर. डाव बरोबरीत."

तेव्हा कुठं तेजश्रीनं हात पुढं केला. "घे. आता मिळव."

बाहेर अप्पा टोपी हातात चुरगाळत उभे होते. "आधी बोललीस?"

"व्हय, आधी बोलले. तुमच्या नियमानं हरता हरता वाचले, अप्पा! मगाशीच तोंड आधी उघडलं असतं तर एवढा जीव जाळावा लागला नसता."

अप्पांनी चुरगाळलेली टोपी सरळ केली. मग हळूच म्हणाले, "मग घरी पट मांडल्यावर?"

"घरी बी माझाच नियम."

"मांड मग," अप्पा टोपी डोक्यावर घालत म्हणाले, "पर सकाळचा त्यो राजा अडकला हुता, हरलाच हुता."