अकराशे अंकांचं पुस्तक

अनघाच्या बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं, तोच त्यांनी काढलेले गणिताचे सगळे प्रश्न त्यांच्याबरोबर शिकवणाऱ्या निगम सरांच्या नावावर छापून आले. बाबांच्या तेराव्याला हेच निगम पोटभर जेवून गेले होते. गोमती नगरातल्या क्लासमध्ये आज पुस्तकाचं प्रकाशन होतं आणि अनघा पहिल्या रांगेत बसली होती.

"सर, पुस्तकातला हा प्रश्न फळ्यावर सोडवता?" तिने गोड हिंदीत विचारलं. "पानांना क्रमांक घालायला एकूण अकराशे अंक लागले, तर पानं किती?"

"अरे, ये तो बच्चों का खेल है!" निगम हसत उठले. पहिल्या नऊ पानांना नऊ अंक, दहा ते नव्व्याण्णवला एकशे ऐंशी. उरले नऊशे अकरा. पुढे दर पानाला तीन, म्हणून त्यांनी तिनाने भागलं. आणखी तीनशे तीन, म्हणजे एकूण चारशे दोन पानं झाली आणि दोन अंक उरले. खडू थांबला.

"किताब में तो जवाब चार सौ दो छपा है," मागून एक पालक म्हणाले. "फिर ये दो कहाँ गए, सर?"

"असं पुस्तक असूच शकत नाही," अनघा उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "प्रत्येक संचात माझे बाबा एक अशक्य प्रश्न घालायचे. न सोडवता उत्तर ठोकणारा त्यात सापडायचा."

निगम जवळ येऊन पुटपुटले, "बेटी, घर की बात है..."

"बाबांनीही तुम्हाला घरचंच मानलं होतं."

फळा पुसायला त्यांनी डस्टर उचललं. तिने ते शांतपणे काढून घेतलं आणि फळ्याचे फोटो काढणाऱ्यांसाठी ती बाजूला सरकली.