एका व्हिडिओला एकच पिन

काळाचौकीच्या मीराबाईंचं मालवणी रेसिपींचं यूट्यूब चॅनल सून दर्शना सांभाळायची. प्रत्येक व्हिडिओखाली ती स्वतःची कमेंट पिन करून सगळ्यात वर ठेवायची: ‘मालवणी वडे, कोंबडी वडे, वड्याचं पीठ. व्हिडिओ कसा वाटला?’ शोधणाऱ्यांना त्या शब्दांवरून व्हिडिओ सापडावा, गप्पाही रंगाव्यात म्हणून. पण उत्तर द्यायला कुत्रंही फिरकेना. आणि आज तर तिची पिनच उडाली!

“आई, दुसरी कमेंट पिन केलीत की माझी सुटते! किती वेळा सांगू?”

“अगो, एका बाईचे वडे फुगत नाहीत, म्हणून तिचा प्रश्न वर लावला.”

दर्शनाने चरफडत मोबाइल हिसकावला. ‘माझे मालवणी वडे फुगत नाहीत, पिठात काय चुकतं?’ त्याखाली देवगडपासून दादरपर्यंतच्या बायका हमरीतुमरीवर आल्या होत्या.

“तू कधी वडे थापलेस,” मीराबाई म्हणाल्या, “तर असा प्रश्न सुचेल ना!”